यार्डातल्या गाड्या आणि तीन टक्के: दुचाकी कर्जांच्या ईसीएलच्या प्रकल्प नोंदी

3 एप्रिल 2024, बुधवार

वर्षअखेरीची धांदल संपली आणि साहेबांनी जुनी एक्सेल शीट माझ्या गळ्यात घातली. आमची कंपनी छोटी, धंदा दुचाकी कर्जांचा, शाखा सोलापूर, लातूर, धाराशिव आणि बीड भागात. 31 मार्चला 9,400 चालू खाती आणि 38.1 कोटी येणे. एवढ्या आकाराच्या कंपनीला एरवी इंड एएस ही लेखामानकं लागू झाली नसती, पण मूळ कंपनी इंड एएसवर असल्याने आमच्याही वह्या तशाच लिहाव्या लागतात. म्हणजे कर्ज बुडण्याची वाट न पाहता अपेक्षित तोटा, अर्थात ईसीएल, आधीच खर्ची टाकायचा.

तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. किती खाती थकतील (पीडी), थकतील तेव्हा किती रक्कम अडकलेली असेल (ईएडी), आणि त्यातली किती परत येणार नाही (एलजीडी). तिन्हींचा गुणाकार आजच्या किमतीत आणला की झालं. जुन्या शीटमध्ये पीडी 3.5 टक्के आणि एलजीडी 29 टक्के, दोन्ही आकडे सेलमध्ये हाताने टाइप केलेले. त्यावरून एकूण तरतूद 75 लाख. आकडे आले कुठून, हे कुणालाच आठवत नाही.

लेखापरीक्षक मॅडम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार आहेत.

4 एप्रिल

3.5 टक्क्यांचा उगम सापडला. 31 मार्चला 90 दिवसांपेक्षा जास्त थकलेली खाती 330, भागिले 9,400. हा पीडी नव्हेच. आज किती आजारी आहेत ते यावरून कळतं, वर्षभरात किती आजारी पडतील ते कळत नाही.

शिवाय आमचा धंदा वाढतो आहे. मागच्या मार्चला सुमारे 7,000 खाती होती, आता 9,400. जानेवारीत दिलेल्या कर्जाचे दोनच हप्ते झालेत, त्याला 90 दिवस थकायला सवडच मिळालेली नाही, तरी ते खालच्या 9,400 मध्ये मोजलं जातं. वरचा आकडा जुन्या कर्जांचा आणि खालचा नव्या-जुन्या सगळ्यांचा. धंदा जितका वेगाने वाढवाल तितकी ही टक्केवारी देखणी दिसेल, आणि नवी कर्जं देणं थांबवलं की एका वर्षात फुगेल.

त्यामुळे पद्धत बदलतो. 31 मार्च 2023 ला चांगल्या असलेल्या सगळ्या खात्यांची यादी गोठवायची, पुढचे बारा महिने फक्त त्यांचाच माग काढायचा आणि किती थकली ते मोजायचं. त्या दिवशीची चांगली खाती 6,900. एप्रिल 2023 नंतर दिलेलं एकही कर्ज यात येणार नाही.

थकलं कधी म्हणायचं? आमच्यासारख्या बेस लेयरमधल्या, म्हणजे सर्वांत छोट्या गटातल्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने एनपीएसाठी पायऱ्या दिल्या आहेत: मार्च 2024 पर्यंत 150 दिवस, 2025 पर्यंत 120 आणि 2026 पर्यंत 90. पण इंड एएस 109 चं गृहीतक 90 दिवसांचं आहे, आणि ते नाकारायचं तर तसा पुरावा लागतो. वसुलीप्रमुखांना विचारलं, "नव्वदच्या पुढे गेलेला गडी आपणहून परत येतो का?" ते नुसतेच हसले. 90 दिवस धरतो.

5 एप्रिल

पहिली मोजणी: 6,900 पैकी 361. संशय आला, कारण हा आकडा महिनाअखेरच्या बारा फाइलींवरून काढला होता. एखादं खातं 12 तारखेला 90 दिवसांवर गेलं आणि 27 तारखेला दोन हप्ते भरून 45 वर आलं, तर महिनाअखेरच्या फोटोत ते कधी थकलेलंच दिसत नाही. आयटीकडून रोजच्या दिवसअखेरची थकबाकी मागवली.

```python
y = dpd[(dpd.date > "2023-03-31") & (dpd.date <= "2024-03-31")]
hit = set(y[y.dpd >= 90].loan_id) & set(cohort.loan_id)
print(len(hit))   # 405
```

44 खाती वाढली. आचारसंहिता लागल्यापासून वसुलीच्या पोरांना नाक्यावर रोकड तपासणीसाठी थांबवतात, त्यामुळे मार्चमधल्या काही पावत्या दोन-तीन दिवस उशिराने चढल्या आहेत. थकबाकी मोजताना पावतीची तारीख धरली, सिस्टिममध्ये चढवल्याची नाही.

8 एप्रिल

आज यार्डात, म्हणजे ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात तिथे, जाऊन आलो. खरं तर वसुलीप्रमुखांकडे एका फाइलसाठी गेलो होतो. तिथे एक गाडी दिसली, आरसीचा नंबर सिस्टिममध्ये टाकला तर खातं `CLOSED`. गाडी यार्डात धूळ खात उभी आणि खातं बंद कसं?

उलगडा असा. 50-60 दिवस थकले की काही ग्राहक स्वतःच गाडी आणून देतात, त्याला इथे सरेंडर म्हणतात. डीलरकडून गाडीचा भाव ठरतो, तेवढी रक्कम खात्यावर जमा होते, उरलेली 'तडजोड सूट' म्हणून सोडली जाते आणि खातं बंद होतं. सगळं 90 दिवसांच्या आत. सिस्टिमच्या नजरेत हा ग्राहक मुदतीआधी कर्ज फेडून मोकळा झालेल्या सज्जन माणसासारखाच. तोटा मात्र झालेला आहे, आणि तो ना पीडीत मोजला गेला, ना एलजीडीत.

`CLOSED` खात्यांतून ज्यांच्यावर सूट नोंदली आहे ती वेगळी काढली: 27. एकूण 432, म्हणजे 6.3 टक्के. जुन्या 3.5 च्या पावणेदोनपट.

उद्या पाडवा. डीलर दुकानांत गाड्यांना हार घालतील आणि आमच्या नोंदीत नव्या खात्यांची भर पडेल.

10 एप्रिल

सरसकट 6.3 टक्के लावून चालणार नाही. मागच्या मार्चला जो एक दिवसही थकला नव्हता तो आणि जो 60 दिवस थकला होता तो, यांची वाट वेगळी आहे. गटवार मोजलं:

एकही दिवस न थकलेली 5,600 खाती, त्यातली 168 थकली: 3 टक्के.
1 ते 30 दिवस थकलेली 900, त्यातली 108: 12 टक्के.
31 ते 90 दिवस थकलेली 400, त्यातली 156: 39 टक्के.

इंड एएस कर्जांचे तीन टप्पे करतं: पहिला चांगल्यांचा, दुसरा जोखीम वाढलेल्यांचा, तिसरा थकलेल्यांचा. 30 दिवस ओलांडले की खातं दुसऱ्या टप्प्यात जातं आणि तोटा बारा महिन्यांऐवजी कर्जाच्या उरलेल्या पूर्ण मुदतीचा धरावा लागतो. 12 वरून 39 वर गेलेला आकडा पाहिला की ही सीमा आमच्या धंद्यात तरी बरोबर जागी आहे असं वाटतं.

एक मोह टाळला. सप्टेंबर 2022 ची यादीही हाताशी होती, ती मिसळली असती तर मोजायला दुप्पट खाती मिळाली असती. पण मार्च आणि सप्टेंबर सारखे नाहीत. मार्चअखेर वसुलीची पोरं रात्री नऊपर्यंत दारोदार फिरतात, उसनवारी करून का होईना, ग्राहक हप्ता भरतो आणि 'एकही दिवस थकलेला नाही' या गटात येऊन बसतो. त्यामुळे मार्चमधल्या या गटात कच्ची खाती जास्त. सप्टेंबरच्या यादीत त्याच गटाचा पीडी 2.3 टक्के निघाला. तो मार्चच्या यादीला लावला असता तर तोटा कमी दिसला असता. मार्चला मार्चचाच पीडी.

12 एप्रिल

आता 29 टक्क्यांची पाळी. सर्वांत जास्त वेळ इथे जाणार हे दिसतंय.

एप्रिल 2021 ते मार्च 2023 या दोन वर्षांत थकलेल्या खात्यांच्या 541 ओळी मिळाल्या. त्यात 41 खाती दोनदा आहेत. थकलं, सगळी बाकी भरून चांगलं झालं, पाच-सहा महिन्यांत पुन्हा थकलं. पहिल्या ओळीत तोटा शून्य आणि दुसऱ्या ओळीत खरा तोटा. पण माझा पीडी एका खात्याला वर्षात एकदाच मोजतो. म्हणजे पहिल्या थकण्याला पीडीत जागा मिळाली, त्याच्यासमोर एलजीडीत शून्य लागलं आणि दुसऱ्या वेळचा खरा तोटा अधांतरी राहिला. दोन्ही ओळी जोडून एकच प्रकरण केलं, पहिल्या थकण्यापासून शेवटच्या पैशापर्यंत. उरली 500 प्रकरणं, थकतानाची रक्कम बरोबर 2 कोटी.

यातली बंद झालेली प्रकरणं 310, रक्कम 1.24 कोटी, वसुली 71 टक्के. शंभरातून 71 वजा करा. जुन्या शीटचे 29 इथून आले होते!

15 एप्रिल

बंद झालेल्या प्रकरणांवरून तोटा काढणं म्हणजे निकाल लागलेल्या मुलांवरून शाळेचा निकाल ठरवणं आणि राखून ठेवलेले निकाल विसरणं. लवकर बंद होतं तेच, ज्यात गाडी हाताला लागली किंवा ग्राहकाने पैसे आणून दिले. उरलेली 190 उघडी आहेत, कारण गाडी सापडत नाही, ग्राहक पुण्याला कामाला गेला, किंवा गाडी चोरीला गेली आणि विमा संपला होता. या 190 ची रक्कम 76 लाख आणि आजवरची वसुली फक्त 22 टक्के.

यांच्याकडून पुढे काहीच येणार नाही असं धरणंही चूक. त्याआधीच्या प्रकरणांत 18 महिन्यांनंतर किती आलं ते पाहिलं, थकतानाच्या रकमेच्या साधारण 9 टक्के. तेवढं धरलं. मग हिशेब असा झाला:

बंद प्रकरणांची वसुली 88 लाख, उघड्यांची आजवरची 16.7 लाख, पुढची अपेक्षित 6.8 लाख. एकूण 111.6 लाख, म्हणजे 56 टक्क्यांच्या किंचित आत. एलजीडी 29 वरून 44 झाला, आणि हे अजून वेळेची किंमत न धरता.

पैसा थकल्यानंतर रकमेच्या वजनाने सरासरी 9 महिन्यांनी येतो. कर्जाचा प्रभावी दर वर्षाला 24 टक्के. या दराने 9 महिने मागे आणलं की एका रुपयाचे 85 पैसे राहतात, त्यामुळे 111.6 लाखांचे 95 लाख झाले. त्यातून गाडी ओढून आणणाऱ्या एजन्सीचं बिल, यार्डाचं भाडं आणि नोटिसांचा खर्च मिळून 7 लाख वजा. हाती 88 लाख, म्हणजे 44 टक्के.

एलजीडी 56 टक्के. वसुलीप्रमुखांना दाखवला, त्यांना नवल वाटलं नाही. "लिलावात गाडी 28 हजारांना गेली म्हणून तुम्ही टाळ्या वाजवता. ती आणायला किती महिने गेले ते आम्हाला विचारा," म्हणाले.

18 एप्रिल

ईएडी. लोक इथे आजची बाकी धरून मोकळे होतात. आजची बाकी 100 असेल आणि 18 हप्ते उरले असतील, तर सात महिन्यांनी थकणारा ग्राहक आधी चार हप्ते भरतो, मग तीन महिने भरत नाही. चार हप्त्यांनंतर बाकी 81 च्या जवळ येते, पुढच्या तीन महिन्यांचं व्याज चढून 86 होते. आमच्या प्रत्यक्ष खात्यांतही सरासरी 0.86 निघाली, बरं वाटलं. 1 ते 30 दिवसांच्या गटात लोक लवकर थकतात, तिथे 0.93.

दुसऱ्या टप्प्यासाठी एक खातं हाताने सोडवून पाहिलं. बाकी 36,000, थकबाकी 47 दिवस, उरलेले 14 महिने. उरलेल्या मुदतीचा पीडी 40 टक्के, पण तो सारखा पसरलेला नाही. घसरणारा माणूस बहुधा पहिल्या तिमाहीतच घसरतो.

```
तिमाही   PD     EAD      DF      गुणाकार
1        24%    37,000   0.970   8,614
2         9%    31,000   0.915   2,553
3         4%    24,000   0.862     828
4         2%    16,000   0.812     260
उरलेले    1%     8,000   0.773      62
बेरीज                            12,317
ECL = 12,317 × 56% = 6,897
```

एलजीडीने पैसे थकण्याच्या तारखेपर्यंत मागे आणले, डीएफ, म्हणजे वेळेच्या वजावटीचा गुणक, तिथून 31 मार्चपर्यंत आणतो. एकाच अंतरासाठी दोनदा वजावट होत नाही ना, हे तारखा कागदावर मांडून तपासलं. थेट 36,000 × 40% × 56% केलं असतं तर 8,064 आले असते. हा फरक खात्याच्या उतरत्या बाकीचा आणि वेळेचा. 6,897 म्हणजे बाकीच्या 19.2 टक्के. इतर खात्यांवर कोडने चालवलं तरी या टप्प्याची सरासरी त्याच्याच आसपास येते.

22 एप्रिल

संपूर्ण यादी चालवली.

न थकलेली खाती, 31 कोटी: 39 लाख.
1 ते 30 दिवस, 4.2 कोटी: 23.8 लाख.
दुसरा टप्पा, 1.6 कोटी: 30.7 लाख.
तिसरा टप्पा, 1.3 कोटी: 87.2 लाख.

तिसऱ्या टप्प्यात पीडीचा प्रश्न उरत नाही, खातं थकलेलंच आहे. पण सगळ्यांना 56 टक्के लावले नाहीत. थकून सहा महिने व्हायच्या आतली 70 लाखांची खाती 56 टक्क्यांवर, जुनी 60 लाखांची 80 टक्क्यांवर. सहा महिन्यांत गाडी मिळाली नसेल तर मिळण्याची आशा निम्म्यावर येते, हे त्या 500 प्रकरणांतच दिसतं.

एकूण 1.81 कोटी, येण्याच्या 4.7 टक्के. जुनी शीट 75 लाख. साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. मग विचारलं, "रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किती?" त्याच्याहून आपला ईसीएल जास्तच आहे. कमी असता तर 13 मार्च 2020 च्या परिपत्रकानुसार फरक नफ्यातून वेगळ्या राखीव निधीत टाकावा लागला असता.

25 एप्रिल

मागे जाऊन पडताळणी. मार्च 2022 च्या यादीवरून काढलेले पीडी (2.6, 11 आणि 37 टक्के) मार्च 2023 च्या 6,900 खात्यांना लावले असते तर 393 थकतील असं भाकीत आलं असतं. थकली 432. 39 कमी पडली.

शाखावार पाहिलं तर 39 पैकी 28 दुष्काळी पट्ट्यातल्या शाखांत. 2023 चा पाऊस देशभर सरासरीच्या 94 टक्के, ऑगस्ट तर 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातले काही आमच्या टापूत आहेत. सोयाबीन गेलं की हप्ता जातो. त्या शाखांत भाकीत 118 होतं, थकली 146, म्हणजे सव्वापट.

इंड एएस पुढची परिस्थितीही धरायला सांगतं. इंटरनेटवरचे लोक जीडीपीवर रिग्रेशन बसवतात, पण आमच्याकडे तीनच मार्च आहेत. तीन बिंदूंतून कुठलीही रेघ मारता येते, लहरी असेल तर वर्तुळही. त्यापेक्षा दुष्काळी शाखांचा पीडी 25 टक्क्यांनी वाढवतो आणि ते वेगळ्या ओळीत दाखवतो. सुमारे 7 लाख. एकूण 1.88 कोटी.

2 मे

लेखापरीक्षक मॅडम आल्या. एलजीडीची तासभर चिरफाड केली, पण 500 प्रकरणांच्या याद्या समोर होत्या, त्यामुळे निभावलं. अडल्या त्या दुष्काळाच्या 25 टक्क्यांवर.

"तुमचा 3 टक्के पीडी कोणत्या बारा महिन्यांतला?" एप्रिल 2023 ते मार्च 2024. "म्हणजे दुष्काळाचे सहा महिने त्यात आलेले आहेतच. मग परत कशासाठी?"

उत्तर नव्हतं. सव्वापट हा आकडा मार्च 2022 च्या पीडीच्या तुलनेत होता, आणि मी तो मार्च 2023 च्या पीडीवर लावत होतो, ज्याच्या पोटात दुष्काळ आधीच शिरलेला आहे. एकाच पावसाला दोनदा भिजत होतो. न आलेल्या पावसाला म्हणावं लागेल.

3 मे

शाखांचे दोन गट करून पीडी पुन्हा काढला. दुष्काळी शाखांतल्या 2,070 खात्यांत 146 थकली, 7.1 टक्के. बाकीच्या 4,830 मध्ये 286, 5.9 टक्के. दोन्हींची सरासरी तीच 6.3, त्यामुळे एकूण तरतूद लाखभरही हलत नाही, फक्त शाखावार वाटणी बदलते.

मग उरतं काय? खरिपाचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरला हातात येईपर्यंत ताण राहील, म्हणजे पुढच्या बारातले सहा-सात महिने. मोजलेल्या वर्षातही ताण सहा महिन्यांचाच होता. 15 एप्रिलला हवामान खात्याने 106 टक्के पावसाचा अंदाज दिला आहे. त्या भरवशावर तरतूद कमी करणार नाही, पण वाढवायलाही आधार नाही. 7 लाखांची ओळ खोडली.

6 मे

1.81 कोटीवर सही झाली. टिपणीत एक गोष्ट मॅडमनी लिहून घेतली. 190 उघड्या प्रकरणांतून ते 9 टक्के आलेच नाहीत तर एलजीडी 59 होईल आणि तरतूद आणखी 7 लाखांनी वाढेल. म्हणून त्या 190 ची वसुली सप्टेंबरअखेर पुन्हा मोजायची आहे. यादी वसुलीप्रमुखांना पाठवली. सरेंडर झालेल्या खात्यांसाठी `CLOSED` ऐवजी `SURRENDER_SALE` हा वेगळा कोड आयटीने उघडून दिला आहे, पण शाखेतली पोरं तो वापरतात की नाही हे जूनच्या फाइलीत कळेल.

उद्या लातूर, धाराशिव, सोलापूरला मतदान. शाखा बंद.